एकच खातं, घरभर ऐकणारे: ऐकल्याचा इतिहास आणि वर्षअखेरचा गोषवारा चुकीचा का दिसतो?

वर्षअखेरीला गाण्यांच्या ॲपवर गोषवारा येतो. तो उघडल्यावर बऱ्याच जणांना वाटतं की ॲपने दुसऱ्याच कुणाची यादी आपल्या नावावर लावली. बहुतेक वेळा ॲपची मोजणी बरोबर असते, फक्त ती तुमची नसून खात्याची असते. इथली उत्तरं मुख्यतः स्पॉटिफाय आणि त्याच्या 'रॅप्ड' या गोषवाऱ्याला धरून आहेत, कारण ही गफलत तिथे सर्वात जास्त दिसते आणि तिचा छडा लावायला लागणारी कच्ची नोंदही तिथे मिळते. इतर सेवांचं पुढे थोडक्यात येईल.

ॲपला कळत नाही का, की ऐकणारी माणसं वेगवेगळी आहेत?

नाही कळत. चित्रपट-मालिकांच्या काही ॲपमध्ये एका खात्यात चार-पाच प्रोफाइल असतात आणि उघडताना 'कोण बघतंय?' असं विचारलं जातं. ती सवय लागल्यामुळे गाण्यांच्या ॲपमध्येही तसंच असेल असं आपण गृहीत धरतो. स्पॉटिफायवर एक खातं म्हणजे एकच ऐकणारा. त्याच्या आत वेगळी प्रोफाइल काढता येत नाहीत. तुमच्या फोनवर, मुलाच्या टॅबवर आणि बैठकीच्या खोलीतल्या स्पीकरवर एकच खातं चालू असेल, तर तिन्हीकडची गाणी एकाच वहीत एकाखाली एक लिहिली जातात. वहीत माणसाच्या नावाचा रकानाच नाही.

माझ्या यादीत पहिल्या दहात सगळी अंगाईगीतं आहेत. मी तर मुलापेक्षा कितीतरी जास्त ऐकते. मग असं कसं?

या पानावर सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. म्हणून आकडे घेऊन सावकाश पाहू. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण घराघरात चित्र साधारण असंच असतं.

एका खात्यावर तिघं ऐकतात: आई, चार वर्षांचा मुलगा आणि आजोबा.

आई रोज ४५ मिनिटं ऐकते. गाणं सरासरी साडेचार मिनिटांचं, म्हणजे दिवसाला १० गाणी. वर्षातले ३०० दिवस धरले तर तिची गाणी ३,००० वेळा वाजली. पण तिची आवड पसरलेली आहे. वर्षभरात तिने ४०० वेगवेगळी गाणी ऐकली, म्हणजे एकेक गाणं सरासरी साडेसात वेळा. तिचं सर्वात लाडकं गाणं समजा ४० वेळा वाजलं.

मुलासाठी १२ अंगाईगीतांची एक प्लेलिस्ट आहे. प्रत्येक गीत १ मिनिट ५० सेकंदांचं. रात्री ती लावली जाते, मूल पंधरा मिनिटांत झोपतं, पण रिपीट चालू असल्यामुळे स्पीकर तीन तास वाजत राहतो. तीन तासांत अशी ९८ गीतं होतात. वर्षातून फक्त २० रात्री असं झालं तरी १,९६० वेळा वाजण्याची नोंद होते. ती १२ गीतांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १६३ येतात.

आजोबा रोज तासभर शास्त्रीय गायन ऐकतात, एकेक रेकॉर्डिंग ४० मिनिटांचं. ३०० दिवसांत १८,००० मिनिटं. वाजण्याच्या हिशेबात मात्र ती फक्त ४५० वेळा, आणि तीही अनेक रेकॉर्डिंगमध्ये वाटलेली.

आता वेळ पाहा. आजोबांची १८,००० मिनिटं, आईची १३,५०० आणि मुलाची ३,६००. एकूण ३५,१०० मिनिटांपैकी मुलाचा वाटा जेमतेम १० टक्के. पण गाण्यांची क्रमवारी मिनिटांवर ठरत नाही, कुठलं गाणं किती वेळा वाजलं यावर ठरते. आईचं सर्वात लाडकं गाणं ४० वर, अंगाईगीतं प्रत्येकी १६३ वर. त्यामुळे पहिली बाराच्या बारा जागा अंगाईगीतांच्या. बाराही गीतं एकाच गायिकेची असतील तर तिच्या नावावर १,९६० वेळा वाजल्याची नोंद जमा होते आणि आईच्या कुठल्याही आवडत्या कलाकाराला तो पल्ला गाठणं अवघड.

घरातला निम्म्याहून जास्त वेळ ज्यांनी ऐकलं त्या आजोबांचं तर यादीत नावनिशाणही नसतं. मला या सगळ्यातली हीच गोष्ट लागते. त्यांच्या आवडीचा सबंध वर्षाचा हिशेब एका मोठ्या मिनिटांच्या आकड्यात विरून जातो आणि तो आकडाही आईच्या नावावर दिसतो.

म्हणजे लहान गाणी आणि पुन्हापुन्हा वाजणारी गाणी नेहमीच वर जातात?

हो. गाणं जितकं छोटं आणि यादी जितकी आखूड, तितका एकेका गाण्याचा आकडा फुगतो. म्हणून मुलांची गाणी, व्यायामाची ठरावीक प्लेलिस्ट आणि झोपताना लावलेलं संगीत या तीन गोष्टी सामायिक खात्याचा गोषवारा सर्वात जास्त बिघडवतात. दिवसभर नवनवीन गाणी शोधून ऐकणारा माणूस या मोजणीत कायम मागे पडतो, त्याने कितीही तास ऐकलं तरी.

एखादं गाणं 'वाजलं' असं कधी धरतात?

स्पॉटिफायवर ते ३० सेकंदांपेक्षा जास्त वाजलं की. पाच सेकंद ऐकून पुढे ढकललेलं गाणं या मोजणीत येत नाही. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर साडेचार मिनिटांच्या गाण्याचं अर्धं मिनिट ऐकलं तरी ते एक वेळ धरलं जातं. घरात कुणाला गाणी अर्धवट सोडून पुढे जायची सवय असेल तर त्याचे आकडे शांतपणे पूर्ण गाणं ऐकणाऱ्यापेक्षा भराभर वाढतात.

इंटरनेट बंद असताना प्रवासात ऐकलेली गाणी धरतात का?

डाउनलोड केलेली गाणी ऑफलाइन वाजली तर फोन पुन्हा जोडला गेल्यावर त्यांची नोंद वर जाते. त्यामुळे कुणी प्रवासात तुमच्या खात्यावरून ऐकलं असेल तर तेही काही दिवसांनी तुमच्या इतिहासात उगवतं.

घरातला स्पीकर सगळे वापरतात. तो कुणाच्या खात्यात लिहितो?

ज्याच्या खात्याने तो जोडला आहे त्याच्या. पाहुण्याने 'अमुक गाणं लाव' असं म्हटलं, शेजारच्या मुलीने आवाज देऊन तेच गाणं सहा वेळा लावलं, तरी सगळं त्या एकाच खात्यात जातं. स्पीकर पहिल्या दिवशी ज्याने जोडला त्याचा गोषवारा म्हणूनच बहुधा सर्वात विचित्र असतो.

आवाज ओळखणाऱ्या स्पीकरवर यावर उपाय आहे. गूगलच्या स्पीकरवर 'व्हॉइस मॅच'मध्ये आणि ॲपलच्या होमपॉडवर ६ जणांपर्यंत आवाज नोंदवता येतात आणि प्रत्येकाला आपापलं खातं जोडता येतं. मात्र आवाज नोंदवणं आणि खातं जोडणं ही दोन वेगळी कामं आहेत. पुष्कळ घरांत पहिलं झालेलं असतं आणि दुसरं राहून गेलेलं असतं. मग स्पीकर तुम्हाला नावाने ओळखतो आणि गाणी मात्र दुसऱ्याच्याच खात्यातून लावतो.

काही गाणी घरात कुणीच लावलेली नाहीत. ती कुठून आली?

बहुधा ऑटोप्लेमुळे. अल्बम किंवा प्लेलिस्ट संपली की ॲप तशाच धाटणीची गाणी आपणहून लावत जातं आणि ती ३० सेकंदांपुढे वाजली की नेहमीसारखी मोजली जातात. स्पीकर चालू ठेवून सगळे बाहेर पडले तर तीन-चार तासांत कधी नावही न ऐकलेले कलाकार इतिहासात जमा होतात. शिवाय ॲप ही गाणी निवडताना घरातल्या सगळ्यांच्या मिसळलेल्या आवडीवरूनच निवडतं. त्यामुळे ती कुणालाच आपली वाटत नाहीत.

कुठलं गाणं कुठे आणि कसं वाजलं, हे शोधता येतं का?

बऱ्याच अंशी येतं. ॲपमधला 'अलीकडे ऐकलेलं' हा भाग त्यासाठी अपुरा आहे. खात्याची पूर्ण नोंद मागवावी लागते.

स्पॉटिफायच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात जाऊन `Account privacy` उघडा. तिथे `Download your data` मध्ये वेगवेगळे संच दिसतात. `Account data` हा संच साधारण ५ दिवसांत येतो, पण त्यात फक्त मागच्या एका वर्षाचा इतिहास असतो आणि रकानेही मोजकेच: वाजणं कधी संपलं, कलाकार, गाणं आणि किती वेळ. आपल्याला हवा आहे `Extended streaming history`. तो यायला ३० दिवसांपर्यंत लागू शकतात. त्यात खातं उघडल्यापासूनच्या नोंदी असतात. विनंती केल्यावर एक ईमेल येतो, त्यातलं बटण दाबून विनंती पक्की करावी लागते. पुष्कळ जण हा ईमेल पाहतच नाहीत आणि महिनाभर फाइलची वाट बघत बसतात.

फाइलमधली एक नोंद साधारण अशी दिसते (काही रकाने इथे गाळले आहेत):

```json
{
  "ts": "2025-03-14T18:42:07Z",
  "platform": "android",
  "ms_played": 110000,
  "master_metadata_track_name": "...",
  "reason_start": "trackdone",
  "reason_end": "trackdone",
  "incognito_mode": false
}
```

`ts` म्हणजे गाणं थांबलं ती वेळ, आणि ती यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत आहे. आपल्या घड्याळाचा फरक त्यात मिळवल्याशिवाय 'हे पहाटे कुणी लावलं?' असा निष्कर्ष काढू नका. `platform` म्हणजे गाणं कुठल्या प्रकारच्या उपकरणावर वाजलं. `ms_played` म्हणजे किती मिलिसेकंद वाजलं. इथे ११० सेकंद, म्हणजे एक पूर्ण अंगाईगीत.

माझ्या मते सर्वात बोलका रकाना `reason_start` हा आहे. तिथे `clickrow` असेल तर कुणीतरी बोटाने ते गाणं निवडलं. `trackdone` असेल तर आधीचं गाणं संपलं म्हणून हे आपोआप सुरू झालं. `fwdbtn` म्हणजे कुणीतरी पुढचं बटण दाबलं, म्हणजे त्या क्षणी तिथे माणूस होता.

वरच्या उदाहरणातली रात्र या फाइलमध्ये कशी दिसेल?

पहिली ओळ `clickrow`ची: आईने किंवा बाबांनी प्लेलिस्टमधलं पहिलं गीत दाबलं. त्यानंतर सलग ९७ ओळी, प्रत्येकीची सुरुवात `trackdone` आणि शेवटही `trackdone`. `ms_played` दर वेळी जवळजवळ तेवढंच. मध्ये एकही `fwdbtn` नाही, एकही गाणं अर्धवट सोडलेलं नाही. दर १२ ओळींनी तीच नावं त्याच क्रमाने परत येतात.

माणूस ऐकत असतो तेव्हा नोंद इतकी गुळगुळीत नसते. तो एखादं गाणं सोडतो, एखादं परत लावतो, मध्येच थांबतो. म्हणून तासाभराहून लांब आणि अजिबात न तुटलेला `trackdone`चा पट्टा दिसला, तर तिथे बहुधा कुणी ऐकत नव्हतं असं समजायला हरकत नाही. आजोबा याला अपवाद आहेत. ते गाणं मध्ये तोडत नाहीत, पण त्यांच्या ओळी थोड्या असतात आणि प्रत्येकीची लांबी ४० मिनिटं असते, त्यामुळे त्या लगेच ओळखू येतात.

फाइल फार मोठी आहे. उपकरणानुसार बेरीज कशी करायची?

थोडं पायथन येत असेल तर एवढं पुरतं. सगळ्या फाइल ज्या फोल्डरमध्ये आहेत तिथेच हे चालवा आणि वर्ष बदलून घ्या:

```python
import json, glob
from collections import Counter
plays, mins = Counter(), Counter()
for f in glob.glob("Streaming_History_Audio_*.json"):
    for r in json.load(open(f, encoding="utf-8")):
        if not r["ts"].startswith("2025"):
            continue
        mins[r["platform"]] += r["ms_played"] / 60000
        if r["ms_played"] >= 30000:
            plays[r["platform"]] += 1
for p in mins:
    print(p, plays[p], round(mins[p]))
```

प्रत्येक उपकरण-प्रकारापुढे दोन आकडे येतील: किती वेळा वाजलं आणि किती मिनिटं. मिनिटांच्या मानाने वेळा फार जास्त असतील तर तिथे छोटी गाणी घोळवून वाजली आहेत. `platform`च्या जागी `master_metadata_track_name` घातलं तर तीच मोजणी गाण्यानुसार मिळेल. ज्याला कोड नको असेल त्याने ही फाइल तक्त्याच्या ॲपमध्ये उघडून `platform` रकान्यावर गाळणी लावली तरी काम होतं, फक्त वेळ जास्त लागतो.

या फाइलवरून माणूस नक्की ओळखता येतो का?

नाही, आणि इथे सांभाळून राहायला हवं. `platform` उपकरणाचा प्रकार सांगतं, उपकरणाचा मालक सांगत नाही. घरात दोघांकडे अँड्रॉइड फोन असतील तर दोघांच्याही पुढे `android` एवढंच दिसू शकतं. `ip_addr` वरून घरचं वाय-फाय आणि बाहेरचं नेटवर्क वेगळं काढता येतं, पण घरातल्या घरात सगळ्यांचा पत्ता सहसा एकच असतो. फोनवरून स्पीकरवर गाणं पाठवलं तर नोंद वाजणाऱ्या उपकरणाची होते. फोन कुणाच्या हातात होता ते फाइल सांगत नाही.

वेळ, उपकरण आणि गाण्याची जात हे तीन धागे एकत्र धरले की घरच्या माणसाला बहुतेक नोंदी ओळखता येतात. उरलेल्या ओळखू येणार नाहीत. त्यांच्यावरून घरात कुणाला जाब विचारायला जाऊ नका. मागवलेल्या फाइलमध्ये सगळ्यांच्या ऐकण्याच्या वेळा आणि जागांचे माग असतात. ती उघडण्याआधी बाकीच्यांना सांगणं मला योग्य वाटतं.

कुणी परका माणूस माझं खातं वापरत असेल तर?

तेही याच फाइलमध्ये दिसतं. `conn_country` मध्ये घरातलं कुणीच गेलेलं नाही असा देश, `platform` मध्ये घरात नसलेलं उपकरण, किंवा फोन तुमच्या हातात असताना त्याच मिनिटाला दुसरीकडे वाजलेलं गाणं, यातलं काही दिसलं तर घरच्यांवर शंका घेणं थांबवा. व्हीपीएन वापरत असाल तर देशाचा रकाना फसवा असतो, तेवढं आधी तपासा.

खात्यात `Sign out everywhere` हा पर्याय आहे. पासवर्ड बदला आणि तो दाबा. स्पीकर, टीव्ही, गेमचं यंत्र अशी जोडलेली उपकरणं त्यानंतरही एकेक करून तपासा. रोजच्या वापरात आणखी एक खूण असते: गाणं मध्येच थांबतं आणि 'दुसऱ्या उपकरणावर वाजत आहे' असं दिसतं. एका वैयक्तिक प्रीमियम खात्यावर एका वेळी एकाच ठिकाणी ऑनलाइन ऐकता येतं, त्यामुळे दुसरीकडे सुरू झालं की तुमचं थांबतं. बहुतेक घरांत ते दुसरं उपकरण म्हणजे मुलाचा टॅबच निघतो.

आलेला गोषवारा दुरुस्त करून मिळेल का?

नाही. त्यातून अंगाईगीतं वगळा आणि पुन्हा मोजा, अशी सोय नाही. आपल्यापुरतं खरं चित्र हवं असेल तर वरची फाइल घ्या, नको त्या उपकरणाच्या आणि नको त्या वेळच्या ओळी गाळा आणि आपली यादी आपणच काढा. वरच्या उदाहरणातल्या आईने फक्त त्या २० रात्रींच्या नोंदी काढून टाकल्या की तिचं ४० वेळा वाजलेलं गाणं पहिल्या क्रमांकावर येतं. तेवढ्यासाठी हा खटाटोप करणारी माणसं आहेत आणि मला ते पूर्ण पटतं. वर्षभर आपण काय ऐकलं, हे बघायची इच्छा साधी आणि खरी आहे.

'प्रायव्हेट सेशन' लावून मुलाची गाणी लावली तर?

प्रायव्हेट सेशनचा मुख्य उपयोग तुम्ही काय ऐकताय ते ओळखीच्या लोकांना दिसू नये हा आहे. त्यातली गाणी नोंदच होत नाहीत असं नाही. मागवलेल्या फाइलमध्ये ती असतात, `incognito_mode` पुढे `true` लिहून. शिवाय हे सेशन कायम टिकत नाही. काही तास काही वाजलं नाही तर ते आपोआप बंद होतं आणि दुसऱ्या रात्री पुन्हा लावायला लागतं. रोज झोपेच्या वेळी, रडणारं मूल कडेवर असताना हे कुणाच्या लक्षात राहणार? गोषवारा सांभाळण्यासाठी यावर विसंबू नका.

प्लेलिस्टवर `Exclude from your taste profile` दिसतं. ते लावलं की झालं ना?

तो पर्याय शिफारशींसाठी आहे. अंगाईगीतांच्या प्लेलिस्टच्या तीन ठिपक्यांत जाऊन तो लावा, म्हणजे तिच्यावरून तुमच्यासाठी नवी गाणी निवडणं कमी होईल. तो जरूर लावा, रोजच्या वापरात फरक पडतो. पण शिफारशी आणि नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'हे माझ्या आवडीत धरू नकोस' असं सांगितल्याने 'हे वाजलं' ही ओळ वहीतून पुसली जात नाही.

मग लगेच करता येण्यासारखा सर्वात सोपा उपाय कोणता?

स्लीप टायमर. वाजणारं गाणं उघडलं की तिथे तो मिळतो. वरच्याच उदाहरणात तीन तासांऐवजी ३० मिनिटांवर तो लावला असता, तर रात्रीला ९८ ऐवजी १६ गीतं वाजली असती. २० रात्रींची ३२०, म्हणजे गीतामागे साधारण २७. आईचं ४० वेळा वाजलेलं गाणं मग आपोआप वर राहिलं असतं आणि मूलही तितकंच शांत झोपलं असतं. खाती वेगळी करणं जमत नसेल तर निदान एवढं करा.

इतर सेवांवरही असंच होतं का?

मूळ कारण तेच, दुरुस्तीची साधनं वेगळी. ॲपल म्युझिकमध्ये प्रत्येक उपकरणावर `Use Listening History` हा पर्याय वेगळा बंद करता येतो. मुलाच्या टॅबवर तो बंद केला की तिथली गाणी तुमच्या 'रिप्ले' या तिथल्या गोषवाऱ्यात येत नाहीत. सामायिक खात्यासाठी ही सोय फार कामाची आहे. मात्र स्वतःच्या फोनवर तो चुकून बंद राहिला तर रिप्ले रिकामाच दिसेल.

यूट्यूब म्युझिकमध्ये इतिहासातली एकेक नोंद काढून टाकता येते आणि इतिहास काही काळ थांबवूनही ठेवता येतो. तिथला खड्डा वेगळा आहे: नेहमीच्या यूट्यूबवर पाहिलेले गाण्यांचे व्हिडिओही त्याच इतिहासात मिसळतात. टीव्हीवर मुलांनी तुमच्या खात्यावरून गाणी पाहिली की ती तुमच्या ऐकण्यात येतात.

स्पॉटिफायला लास्ट.एफएम ही ऐकलेल्या गाण्यांची नोंद ठेवणारी सेवा जोडली असेल तर तिथे गाणं निम्मं किंवा ४ मिनिटं, यातलं जे आधी होईल तेवढं वाजल्यावर धरतात, आणि ३० सेकंदांहून छोटं गाणं धरतच नाहीत. म्हणून दोन्हीकडचे आकडे कधी जुळत नाहीत. तिथे नको ती नोंद मागाहून पुसता येते. पण जोडण्याआधीचा इतिहास तिथे आपोआप येत नाही.

खाती वेगळी करायची ठरवली तर जुनं खातं कुणी ठेवायचं?

सहसा ज्याच्या ईमेलवर ते आहे तोच ठेवतो. माझं मत वेगळं आहे. ज्याच्या ऐकण्याने ते सर्वात जास्त भरलं आहे आणि ज्याच्या जतन केलेल्या प्लेलिस्ट त्यात जास्त आहेत, त्याच्याकडे ते राहू द्या. वरच्या घरात मी ते आजोबांना दिलं असतं. निम्म्याहून जास्त वेळ त्यांचा आहे, आणि नव्या खात्यात सगळं पुन्हा शोधून जमवणं त्यांना सर्वात जड जाईल. खात्याचा ईमेल बदलता येतो.

नव्या खात्यावर जाणाऱ्याला इतिहास सोबत नेता येत नाही, प्लेलिस्ट मात्र नेता येतात. जुन्या खात्यातून दुवा पाठवा, नव्या खात्यात उघडा आणि तिथे स्वतःची नवी प्लेलिस्ट करून सगळी गाणी तिच्यात टाका. नुसती जतन केली तर ती जुन्या खात्याचीच राहते आणि तिथे कुणी बदल केला की तुमच्याकडेही बदलते.

प्रीमियमच्या 'ड्युओ' योजनेत २ आणि 'फॅमिली' योजनेत ६ जण येतात, आणि प्रत्येकाचं खातं स्वतंत्र असतं. फॅमिली घेऊनही सगळे जुन्या एकाच खात्यावर ऐकत राहिलेली घरं पुष्कळ आहेत. योजना घेतल्यावर प्रत्येक उपकरणावर जुन्या खात्यातून बाहेर पडून आपल्या खात्याने आत यावं लागतं. स्पीकर आणि गाडी ही दोन ठिकाणं हमखास विसरली जातात.

वर्षाच्या मध्येच वेगळं झालो तर यंदाचा गोषवारा नीट येईल का?

जुन्या खात्यावर नाही. रॅप्डची मोजणी जानेवारीपासून सुरू होते आणि गोषवारा यायच्या काही आठवडे आधी थांबते. आधीच्या महिन्यांतली अंगाईगीतं त्यात राहणारच. नव्या खात्यावर मात्र फक्त तुमचंच ऐकणं असेल, थोडं असलं तरी. गोषवारा मिळण्यासाठी किमान ५ कलाकारांची मिळून ३० गाणी, प्रत्येकी ३० सेकंदांहून जास्त, वाजलेली असावी लागतात. तेवढी एका आठवड्यातही होतात. पण मोजणी थांबल्यानंतर खातं काढलं तर त्या वर्षी काहीच दिसणार नाही, म्हणून ऑक्टोबर उलटण्याआधी हे काम उरकून घेतलेलं बरं.